‘एनसी घेतली’ म्हणजे पोलिसांनी नेमकं काय घेतलं? शेजाऱ्याशी मारामारी झाल्यावर मिळणाऱ्या त्या कागदाचा उपयोग किती?

रविवारची रात्र. मुलुंडमधली एक जुनी, चार मजली सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरच्या जागी तळमजल्यावरच्या तरुणाने बाइक लावली. आधी आवाज चढले, मग शिव्या झाल्या आणि शेवटी तरुणाने काकांना दोन कानाखाली ठेवून दिल्या. वर, “पुन्हा बोललास तर हातपाय तोडीन,” अशी धमकीही दिली.

काका मुलाला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. दीड तास थांबल्यावर त्यांच्या हातात एक कागद पडला. ड्युटीवरचे हवालदार म्हणाले, “एनसी घेतली आहे, कोर्टात दाद मागा.” घरी आल्यावर काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर कागदाचा फोटो टाकून लिहिलं, ‘केस केली आहे. आता अटक होईल.’

अटक झाली नाही. आठवडा गेला, महिना गेला. तरुण रोज त्याच जागी बाइक लावत राहिला.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडमधल्या कोणत्याही पोलीस स्टेशनच्या बाकावर थोडा वेळ बसलात, तर असाच एखादा ऐकायला मिळेल. पार्किंग, गळणारं पाणी, पॅसेजमधल्या चपला, कुत्रा, रात्रीचा आवाज अशी कारणं बदलत राहतात. शेवटी हातात येणारा कागद बहुतेक वेळा तोच असतो.

मग त्या कागदाने साधतं तरी काय? आणि काकांनी पुढे काय करायला हवं होतं?

दखलपात्र आणि अदखलपात्र: फरक कुठे पडतो?

एनसी म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, मराठीत अदखलपात्र. कायद्याने गुन्ह्यांचे दोन गट केले आहेत. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाला न विचारता तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही.

म्हणजे एनसी घेतल्यावर पोलीस ‘काहीच करत नाहीत’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. तपास करायचा नाही, असंच कायदा त्यांना सांगतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. मुंबईतल्या एनसीवर वर्षानुवर्षं दिसणारे ‘३२३, ५०४, ५०६’ हे आकडे त्यामुळे बदलले. आज काकांच्या कागदावर साधारण हे दिसेल:

- कलम ११५(२): इच्छापूर्वक दुखापत करणे. कमाल शिक्षा एक वर्ष कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- कलम ३५१(२): धमकी, म्हणजे फौजदारीपात्र धाकदपटशा. कमाल दोन वर्षं कैद किंवा दंड किंवा दोन्ही.
- कलम ३५२: समोरच्याने शांतता भंग करावी अशा उद्देशाने केलेला अपमान, म्हणजे भांडणातल्या शिव्या. कमाल दोन वर्षं कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

ही तिन्ही कलमं अदखलपात्र आणि जामीनपात्र आहेत. ठार मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल, तर कलम ३५१(३) लागू शकतं. त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, पण सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत तेही अदखलपात्रच आहे. ‘जिवे मारण्याची धमकी दिली तरी एफआयआर का नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथे असतं.

आधी तपासा: हे प्रकरण खरंच एनसीचं आहे का?

एनसीच्या कागदावर सही करण्याआधी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. कारण कायद्यात एक सोपा नियम आहे: एकाच घटनेत अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र धरलं जातं. तेव्हा एनसी नाही, एफआयआर व्हायला हवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

शेजाऱ्यांच्या भांडणात हा फरक बहुतेकदा चार गोष्टींवरून पडतो.

पहिली गोष्ट जखम. हाड मोडलं, सांधा निखळला, दात पडला किंवा तुटला, चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला, तर ती कायद्याच्या भाषेत ‘गंभीर दुखापत’ होते. दुखापतीमुळे १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा तेवढे दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तरीही ती गंभीर धरली जाते. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवस होती. गंभीर दुखापत कलम ११७(२) मध्ये येते आणि ते दखलपात्र आहे.

दुसरी गोष्ट हातात काय होतं. रिकामा हात आणि चाकू यांत कायदा फरक करतो. भोसकण्याचं किंवा कापण्याचं हत्यार, किंवा ज्याने वार केल्यास जीव जाऊ शकतो अशी वस्तू वापरली असेल, तर जखम साधी असली तरी कलम ११८(१) लागतं. तेही दखलपात्र आहे. म्हणून ‘मारहाण केली’ एवढंच सांगून थांबू नये. लोखंडी पाइप होता, तर पाइप होता असं सांगावं. नसेल, तर मनाने घालू नये.

तिसरी गोष्ट वाट अडवणं. जिन्यात, लिफ्टसमोर किंवा गेटवर तुम्हाला जाण्याचा हक्क असलेल्या दिशेने जाऊच दिलं नाही, तर तो अन्यायाने केलेला प्रतिबंध ठरतो. त्याचं कलम १२६(२). शिक्षा जेमतेम एक महिना साध्या कैदेपर्यंत, पण गुन्हा दखलपात्र आहे. शिक्षा कमी म्हणजे गुन्हा अदखलपात्रच, असं सरळ गणित नाही ते असं.

चौथी गोष्ट महिलेच्या बाबतीतली. विनयभंगाच्या उद्देशाने अंगावर हात टाकणं किंवा तिच्या लज्जेला धक्का बसेल असे शब्द वापरणं, हे दोन्ही दखलपात्र गुन्हे आहेत.

भांडण किती क्षुल्लक कारणावरून सुरू झालं, याने गुन्ह्याचा गट ठरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या योगीधाम भागातल्या एका संकुलात धुपाच्या धुरावरून शेजाऱ्यांमध्ये वाद झाला. पुढे बाहेरून माणसं आली, मारहाण झाली आणि एका रहिवाशाच्या डोक्याला गंभीर मार लागला. पोलिसांनी सुरुवातीला प्रकरण गांभीर्याने घेतलं नाही, असा आरोप कुटुंबाने केला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा विषय गाजला आणि त्यानंतर कारवाईला वेग आला. कारण धुपाचं असलं, तरी डोक्यातली जखम धुपाएवढी क्षुल्लक नसते.

मेडिकलचा कागद एनसीपेक्षा आधी

काका पोलीस स्टेशनमधून थेट घरी गेले. इथे त्यांची पहिली चूक झाली.

मारहाणीची तक्रार असेल, तर पोलीस जखमी व्यक्तीला पत्र देऊन सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात तपासणीसाठी पाठवतात. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी ही उपनगरांतली त्यातली नेहमीची नावं. हे पत्र मागून घ्यावं आणि त्याच रात्री जावं. डॉक्टर जखमांची जागा, आकार आणि स्वरूप लिहितात. जखम साधी की गंभीर, हे त्यावरून ठरतं.

कानाखाली बसलेल्या माराने कधी कानाचा पडदा फाटतो. मनगटावरची ‘नुसती सूज’ एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघते. असा अहवाल आला, तर तो घेऊन पोलिसांकडे परत जावं आणि योग्य कलम लावून एफआयआर नोंदवण्याची लेखी मागणी करावी. एकदा एनसी झाली म्हणजे प्रकरण कायमचं एनसीच राहतं असं नाही.

तीन दिवसांनी खासगी दवाखान्यातून आणलेली चिठ्ठी अगदीच निरुपयोगी नसते. पण मधल्या तीन दिवसांत जखम दुसरीकडे कुठे झाली नाही कशावरून, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

मग एनसीने मिळतं काय?

कायद्यात एनसीबाबत पोलिसांची कामं मोजकी आहेत. तक्रारीचा सारांश ठरलेल्या नोंदवहीत लिहायचा, तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगायचं आणि अशा प्रकरणांचा दैनंदिन अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांना पाठवायचा. ही शेवटची तरतूद नव्या कायद्याने, सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये आणली आहे. पण अहवाल गेला म्हणून न्यायालय आपोआप खटला सुरू करत नाही. पुढचं पाऊल तक्रारदारालाच टाकावं लागतं.

त्यामुळे एनसी म्हणजे मुळात तारीख असलेली नोंद. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक माणसाविरुद्ध तुम्ही ही तक्रार केली होती, एवढंच ती सांगते. तक्रार खरी आहे, हे तिने सिद्ध होत नाही. तरीही घटना घडल्यावर तासाभरात केलेली नोंद आणि आठ महिन्यांनी सांगितलेली आठवण यांचं वजन न्यायालयात सारखं नसतं.

म्हणून एनसीत काय लिहिलं गेलं, हे सहीआधी नीट वाचावं. चार गोष्टी पाहाव्यात: घटनेची तारीख आणि वेळ, जागा, साक्षीदारांची नावं आणि धमकीचे नेमके शब्द. ‘शिवीगाळ करून धमकी दिली’ हे साचेबद्ध वाक्य पुढे फारसं कामाला येत नाही. ‘पुन्हा बोललास तर हातपाय तोडीन’ हे वाक्य येतं.

याचं कारण धमकीच्या व्याख्येत आहे. नुसते रागाचे शब्द पुरत नाहीत. समोरच्याला घाबरवण्याचा, किंवा त्याला हक्काची गोष्ट करू न देण्याचा उद्देश दिसावा लागतो. २०१५ मध्ये माणिक तनेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. बंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका जोडप्याने पोलीस अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल तक्रार लिहिली होती आणि त्यावरून त्यांच्यावर धमकीचं कलम लावलं होतं. घाबरवण्याचा उद्देशच दिसत नाही, असं म्हणत न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. भांडणाच्या भरातलं ‘बघून घेतो’ अनेकदा याच कसोटीवर गळून पडतं.

दुसरा फायदा कायद्याच्या पुस्तकात नाही, व्यवहारात आहे. पोलीस बरेचदा समोरच्याला बोलावून समज देतात. पुन्हा भांडण झाल्यास कारवाई होईल, अशी नोटीसही देतात. बरीच भांडणं इथेच थांबतात. ज्यांना शिक्षा नको असते, फक्त त्रास थांबायला हवा असतो, त्यांचं काम कधीकधी एवढ्यावर भागतं.

एनसी झाली की पुरावे कोण गोळा करणार?

काकांची दुसरी चूक इथली. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा होता. त्यात सगळं आलं असणार आणि पोलीस ते घेऊन जातील, असं त्यांनी गृहीत धरलं.

तपासच नसल्यामुळे ते फुटेज घ्यायला कोणी आलं नाही. डीव्हीआरची जागा भरली की जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं. काका चौकशीला गेले तोवर त्या रात्रीचं काहीच उरलं नव्हतं.

एनसीच्या प्रकरणात पुरावे जपणं हे तक्रारदाराचंच काम असतं. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या सचिवांना लेखी पत्र देऊन ठरावीक तारीख आणि वेळेचं फुटेज जपून ठेवायला सांगावं आणि पत्राची पोच घ्यावी. धमकी व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल, तर फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मूळ मेसेज आणि तो फोन दोन्ही सांभाळावेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते देताना मूळ उपकरण कोणाकडे होतं, हा प्रश्न येतोच. मारामारी पाहणाऱ्या शेजाऱ्यांची नावंही तेव्हाच लिहून ठेवलेली बरी. महिनाभराने ‘आम्हाला यात नका ओढू’ म्हणणारे वाढतात.

चॅप्टर केस: एनसीचा खरा जोर इथे दिसतो

समजा त्या तरुणाने पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा भांडण काढलं आणि काकांनी दोन्ही वेळा एनसी केली. आता पोलिसांकडे एकाच माणसाविरुद्ध, एकाच कारणावरून, तीन तारखांच्या तीन नोंदी आहेत. इथून ‘चॅप्टर’चा रस्ता सुरू होतो.

चॅप्टर केस म्हणजे झालेल्या गुन्ह्याची शिक्षा नाही. पुढे शांतता भंग होऊ नये म्हणून घेतलेली हमी आहे. सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे जुन्या कलम १०७ खाली, ही कारवाई होते. मुंबईत यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे, म्हणजे एसीपींकडे असतात. पोलीस स्टेशन प्रस्ताव पाठवतं. मग ‘ठरावीक मुदतीसाठी शांतता राखण्याचं बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये?’ अशी नोटीस त्या व्यक्तीला जाते. तिला म्हणणं मांडण्याची संधी मिळते, चौकशी होते आणि मग जास्तीत जास्त एक वर्षासाठी बंधपत्र घेतलं जाऊ शकतं.

बंधपत्राच्या काळात पुन्हा शांतता भंग केल्याचं सिद्ध झालं, तर उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगात जाण्याची वेळ येऊ शकते. शेजाऱ्याच्या भांडणात समोरच्याला भीती वाटते ती या टप्प्याची.

याला दोन मर्यादा आहेत. ही कारवाई करायची की नाही हे अधिकाऱ्यांच्या समाधानावर अवलंबून असतं, तक्रारदाराचा तो हक्क नसतो. पुढे गडबड होण्याची शक्यता दाखवणारा आधार लागतो, म्हणून एकट्यादुकट्या एनसीपेक्षा एकामागून एक नोंदी जास्त बोलतात.

दुसरी मर्यादा जास्त बोचरी आहे. काकांनी एनसी केली की तासाभरात तरुणही येऊन ‘काकांनीच मला ढकललं’ अशी एनसी करू शकतो. पोलीस तीही घेतात. याला ‘क्रॉस एनसी’ म्हणतात. मग शांततेची नोटीस दोन्ही बाजूंना जाण्याची शक्यता असते. म्हणूनच मार खाल्ल्यावर उलटा हात न उचलणं आणि आधी पोलीस स्टेशन गाठणं, या दोन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडतात.

न्यायालयाचे दोन दरवाजे

‘कोर्टात दाद मागा’ याचे दोन अर्थ होतात.

एक, त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून पोलिसांना तपासाचा आदेश द्या, अशी मागणी करायची. आदेश मिळाला, तर पोलीस दखलपात्र गुन्ह्यासारखाच तपास करू शकतात. फक्त वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत.

दोन, थेट खासगी फौजदारी तक्रार दाखल करायची. यात न्यायदंडाधिकारी तक्रारदाराचा आणि साक्षीदारांचा शपथेवर जबाब घेतात. नव्या कायद्याने एक पायरी वाढवली आहे. न्यायालयाने दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. त्यानंतर गरज वाटल्यास चौकशी, आणि मग तक्रार फेटाळली जाते किंवा समन्स निघतं.

हा रस्ता किती लांब असू शकतो, याचं उपनगरातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अंधेरीचं आहे. गीतकार जावेद अख्तर यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये अभिनेत्री कंगना राणावत यांच्याविरुद्ध अंधेरीच्या न्यायालयात बदनामीची खासगी तक्रार केली. बदनामीचा गुन्हाही अदखलपात्रच. डिसेंबरमध्ये न्यायालयाने जुहू पोलिसांना चौकशी करायला सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंगना यांना समन्स निघालं. त्या हजर न झाल्याने मार्चमध्ये जामीनपात्र वॉरंट निघालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंगना यांनी उलट तक्रार केली. अख्तर यांनी २०१६ मध्ये घरी बोलावून आपल्याला धमकावलं, असा त्यांचा आरोप होता. अख्तर यांनी तो नाकारला. या तक्रारीवर जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने धमकीच्या कलमासह समन्स काढलं, पण खंडणीचा आरोप मान्य केला नाही. पुढे सत्र न्यायालयाने त्या कारवाईला स्थगिती दिली.

अखेर २८ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्यस्थीतून दोघांमध्ये समेट झाला आणि दोन्ही तक्रारी मागे घेतल्या गेल्या. कोण खरं, कोण खोटं याचा निकाल लागलाच नाही. दोन्हीकडे नामवंत वकील असताना या प्रकरणाने चार वर्षांहून जास्त काळ घेतला. काकांनी दोन थपडांसाठी हा रस्ता धरायचा का, हे ठरवताना एवढा हिशोब डोळ्यांसमोर असावा.

समेटाचा पर्याय साध्या प्रकरणांतही खुला असतो. साधी दुखापत आणि भांडणातला अपमान हे गुन्हे ज्याला त्रास झाला, तो स्वतः आरोपीशी तडजोड करून मिटवू शकतो, अशी कायद्यातच सोय आहे.

मुदत विसरू नका

काकांची तिसरी चूक सगळ्यात महागात पडू शकते. एनसी केली म्हणजे हक्क राखून ठेवला, असं समजून ते स्वस्थ बसले.

एनसीने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यासाठी न्यायालयात जाण्याची मुदत एक वर्ष आहे. एक ते तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यासाठी ती तीन वर्षं आहे. म्हणजे कागदावर फक्त ११५(२), नुसती मारहाण असेल, तर घटनेपासून एका वर्षात न्यायालयात तक्रार दाखल व्हायला हवी. सोबत ३५१(२) किंवा ३५२ असेल, तर जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत, म्हणजे तीन वर्षं धरली जाते. पण पुढे धमकीचा भाग टिकला नाही तर वाद नको, म्हणून वर्षाच्या आतच निर्णय घेतलेला सुरक्षित.

वकिलाच्या खर्चाची अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. महिलांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. मुंबई उपनगर जिल्ह्यासाठी स्वतंत्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

पोलीस एनसीही घेत नसतील तर?

तक्रार लेखी द्यावी आणि प्रतीवर शिक्का-सहीसह पोच घ्यावी. पोच नाकारली, तर तोच अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना टपालाने पाठवावा आणि प्रत त्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना द्यावी. गुन्हा दखलपात्र असूनही फक्त एनसीवर बोळवण झाली असेल, तर हीच पायरी आधी चढावी लागते. वरिष्ठांकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा असेल, तर पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे एफआयआरचा आदेश मागता येतो.

आणि ज्याच्यावर एनसी झाली आहे त्याने काय समजायचं?

सोसायटीच्या ग्रुपवर ‘याच्यावर केस आहे’ असं पसरायला वेळ लागत नाही. पण एनसी म्हणजे एफआयआर नाही आणि न्यायालयात प्रलंबित खटलाही नाही. तिच्या जोरावर कोणी गुन्हेगार ठरत नाही. पोलिसांनी बोलावलं तर जावं, आपली बाजू लेखी द्यावी आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. दंडाधिकाऱ्यांची किंवा न्यायालयाची नोटीस आली, तर मात्र ती बाजूला टाकू नये.

काकांच्या बाबतीत अजून सगळं संपलेलं नाही. घटनेला वर्ष व्हायचं आहे. फुटेज गेलं, पण पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सगळं गॅलरीतून पाहिलं होतं आणि एनसीत त्यांचं नाव आहे. धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहिलेले आहेत. या आधारावर ते वकिलाला भेटू शकतात, किंवा पुन्हा भांडण झाल्यास नवी एनसी करून चॅप्टरच्या कारवाईची लेखी मागणी करू शकतात.

फक्त ग्रुपवरचं ते ‘अटक होईल’ त्यांनी काढून टाकलेलं बरं. त्या कागदाने अटक होत नाही. त्यावरच्या तारखेपासून मुदत मात्र रोज एका दिवसाने कमी होते आहे.